उठण्याच्या वेळेपासून मागे मोजलेली रात्र

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाची उठण्याची वेळ बहुतांशी इतरांनी ठरवलेली असते. महापालिकेचे पाणी इमारतीला ज्या ठरावीक तासांत येते ते तास, मुलांच्या शाळेची बस नाक्यावर थांबते ती मिनिटे, आणि बोरिवली किंवा मुलुंडहून सुटणारी ती एक नेमकी लोकल, जी चुकली तर पुढच्या गाडीत पाय ठेवायलाही जागा मिळत नाही, या सर्वांतून ती वेळ निघते आणि वर्षभर जवळजवळ हलत नाही. झोपण्याची वेळ मात्र अशी कोणीच ठरवलेली नसते. दिवसाची कामे, प्रवास, जेवण, आवराआवर आणि थोडी करमणूक संपल्यावर जे काही उरते त्याला रात्र म्हणण्याची सवय शहराला पडली आहे. भ्रमणध्वनीवरील एक छोटी सोय या सवयीच्या नेमकी उलट दिशेने जाते. उठायचे किती वाजता आणि झोप किती तासांची हवी, एवढे दोन आकडे तिला दिले की ती मागे मोजत जाते, अंथरुणावर पडण्याची वेळ काढते आणि त्याआधी काही मिनिटे ‘आता आवरते घ्या’ अशी सूचना देते. सकाळच्या गजराचे हे रात्रीचे जोडरूप आहे. या लेखात त्याला ‘पूर्वसूचना’ म्हटले आहे आणि सूचना मिळाल्यापासून दिवा मालवेपर्यंतच्या अवधीला ‘विसावाकाळ’.

ॲपलने २०१६ साली आयफोनच्या घड्याळात झोपेच्या वेळेची अशी आखणी आणली आणि २०२० साली तिला स्वतंत्र विसावाकाळ जोडला. गूगलने २०१८ साली अँड्रॉइडसाठी रात्री पडदा करडा करणारी आणि सूचनांचे आवाज बंद करणारी सोय जाहीर केली, आणि २०२० साली घड्याळाच्या ॲपमध्ये झोपण्याच्या वेळेचा वेगळा विभाग दिला. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड असे फारसे नाही. एकच गोष्ट वापरणाऱ्याने ध्यानात ठेवायची असते, ती म्हणजे हिशोब उठण्याच्या दिवसाचा असतो, झोपण्याच्या दिवसाचा नव्हे. सोमवारी साडेपाचला उठायचे असेल तर पूर्वसूचना रविवारी रात्री वाजली पाहिजे, आणि ज्यांनी ‘सोमवार ते शुक्रवार’ असे रात्रीचे वार निवडले त्यांची आठवड्यातील सर्वांत महत्त्वाची रात्र, म्हणजे सुटीनंतरची रविवारची रात्र, सूचनेविना जाते.

मागे मोजण्याची ही रीत मात्र भ्रमणध्वनीपेक्षा जुनी आहे आणि तिचा उगम निद्रानाशाच्या उपचारात सापडतो. आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जी उपचारपद्धती मांडली तिला ‘निद्रामर्यादा’ म्हणता येईल. झोप येत नाही म्हणून जो रुग्ण नऊ तास अंथरुणात पडून राहतो आणि त्यातले साडेपाच तासच झोपतो, त्याला त्यांनी अंथरुणात राहण्याचा वेळच कमी करायला सांगितले. उठण्याची वेळ प्रथम पक्की करायची, रुग्ण प्रत्यक्षात सरासरी किती झोपतो हे नोंदवहीतून काढायचे, आणि उठण्याच्या वेळेपासून तेवढेच तास मागे मोजून त्याआधी अंथरुणावर पडायचे नाही. झोप सलग होऊ लागली की झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली ही की हलते ते रात्रीचे टोक, सकाळचे टोक खिळ्यासारखे पक्के राहते. दुसरी, आणि भ्रमणध्वनीच्या सोयीत जी हरवली आहे ती, अशी की मागे मोजायचे तास हे इच्छेचे नसून नोंदीतून आलेले असतात.

सकाळचे टोक पक्के का ठेवायचे, याचे उत्तर झोप नियंत्रित करणाऱ्या दोन यंत्रणांत आहे. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली त्यांची जी मांडणी केली ती आजही पायाभूत मानली जाते. पहिली यंत्रणा म्हणजे निद्रादाब: माणूस जागा झाल्यापासून झोपेची गरज तासागणिक साठत जाते आणि झोपेत ती ओसरते. मेंदूत साठणारे ॲडेनोसिन हे द्रव्य या दाबाशी निगडित आहे, आणि चहा-कॉफीतील कॅफिन त्याच द्रव्याचा परिणाम अडवते. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणून कार्यालयातून निघताना सहा वाजता घेतलेला चहा अकरापर्यंत अर्धा शिल्लक असतो. दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे चोवीस तासांच्या आसपासचे अंगभूत घड्याळ, ज्याला प्रामुख्याने प्रकाश दुरुस्त करतो. माणसात या घड्याळाचा स्वाभाविक फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे मोकळे सोडले तर ते दररोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ओढून जागेवर आणतो. ठरावीक वेळी उठल्याने एकाच वेळी दोन गोष्टी साधतात: निद्रादाबाचे मोजमाप रोज त्याच क्षणापासून सुरू होते आणि घड्याळाला उजेडही त्याच वेळी मिळतो. रात्री नऊला झोप यावी असे ठरवून ती येत नाही, पण पहाटे साडेपाचला उठणे मात्र गजराच्या बळावर ठरवता येते. म्हणून मोजणीचा आरंभ सकाळपासून करणे हे शरीरशास्त्राला धरून आहे.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहण्यासाठी घाटकोपर पूर्वेतील एक कल्पित कुटुंब घेता येईल, ज्यात आई, वडील, नववीत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली आजी अशी चार माणसे एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत राहतात. आईचे कार्यालय फोर्टात आहे आणि ती सव्वाआठला घरी पोहोचते; वडील अंधेरीच्या एमआयडीसीत काम करतात आणि मेट्रोने पावणेआठपर्यंत येतात. मुलीची शाळा सातला भरते. डबे आणि पाणी भरणे यांमुळे आई साडेपाचला उठते आणि मुलगी पाच पन्नासला. जेवण सव्वानऊला सुरू होऊन पावणेदहाला संपते. भांडी, ओटा आणि उद्याची भाजी चिरून ठेवणे यांत साडेदहा वाजतात. त्यानंतर दूरचित्रवाणी किंवा भ्रमणध्वनी, आणि साडेअकराला दिवे बंद.

आईचा हिशोब असा होतो. प्रौढ माणसाला नियमितपणे सात किंवा अधिक तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील झोपविषयक वैद्यकीय संस्थांनी २०१५ साली केली. ती किमान पातळीवर, म्हणजे सात तासांवर धरू. साडेपाचमधून सात तास वजा केले की रात्रीचे साडेदहा येतात. पण ही झोप लागण्याची वेळ झाली, अंथरुणावर पडण्याची नव्हे. पडल्यावर झोप लागायला सुमारे वीस मिनिटे लागतात असे धरले आणि रात्री मधे जाग येण्यात आणखी वीस मिनिटे जातात असे मानले, तर अंथरुणावर पडण्याची वेळ नऊ पन्नासवर येते. पाऊण तासाचा विसावाकाळ हवा असेल तर पूर्वसूचना नऊ वाजून पाच मिनिटांनी वाजेल. सोयीत सात तासांचे लक्ष्य भरणारे बहुतेक लोक ही चाळीस मिनिटे धरतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने साडेदहा ते साडेपाच म्हणजे सात तास झोप झाली, प्रत्यक्षात ती सहा तास वीस मिनिटे असते. अंथरुणातील वेळेचा किती हिस्सा झोपेत गेला या गुणोत्तराला निद्राक्षमता म्हणतात, आणि ती शेकडा ८५ किंवा अधिक असणे समाधानकारक समजले जाते; म्हणजेच उत्तम झोपणाऱ्या माणसाच्याही आठ तासांतून एखादा तास जागेपणी जाऊ शकतो. मागे मोजताना लक्ष्य झोपेचे ठेवायचे आणि वजाबाकी अंथरुणाची करायची, ही या साऱ्या पद्धतीतली पहिली शिस्त आहे.

आता नऊ वाजून पाच मिनिटांनी वाजणारी ती सूचना त्या घरात नेमकी कुठे पडते ते पाहावे. तव्यावर पोळी आहे, वाढायची घाई आहे, आणि ‘झोपेची तयारी करा’ असे पडद्यावर उमटले आहे. अशी सूचना पहिल्या दिवशी वाचली जाते, तिसऱ्या दिवशी बोटाने बाजूला सारली जाते आणि आठवड्याभरात दिसेनाशी होते. ज्या सूचनेवर त्या क्षणी काहीही करता येत नाही ती दुर्लक्ष करायला शिकवते, आणि एकदा हे शिक्षण झाले की वेळ बदलून पाहिली तरी उपयोग होत नाही.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात फ्लोर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली झोपण्याच्या चालढकलीचा अभ्यास मांडला तेव्हा त्यांनी व्याख्येतच एक अट घातली होती: बाहेरचे कोणतेही कारण आड येत नसताना माणूस ठरलेल्या वेळी झोपायला जात नाही, तीच चालढकल. ही अट उपनगरातील रात्रीला लावली की रात्रीचे दोन तुकडे पडतात. वरच्या उदाहरणातील साडेदहा ते साडेअकरा हा तास चालढकलीचा आहे, आणि दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा तोच एक तास असल्याने तो सोडणे किती जड जाते हे सहज समजण्यासारखे आहे. परंतु सव्वाआठ ते साडेदहा हा काळ चालढकलीचा मुळीच नाही; तो प्रवास, स्वयंपाक आणि आवराआवर यांनी व्यापलेला आहे. पूर्वसूचनेचा जोर पहिल्या प्रकारच्या वेळेवर चालतो, दुसऱ्या प्रकारच्या वेळेवर चालत नाही, आणि सोयीची आखणी करणाऱ्यांनी हा भेद केलेला नाही.

म्हणून हिशोब दोन टप्प्यांत करावा लागतो. पहिल्या टप्प्यात पूर्वसूचना पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे ताटे उचलण्याच्या वेळी ठेवायची, आणि दूरचित्रवाणी लागण्यापूर्वीच साडेदहाला अंथरुणावर पडायचे. चालढकलीचा तास झोपेला मिळतो आणि सुमारे सव्वापाच तासांची झोप सव्वासहांच्या वर जाते. उरलेली चाळीस मिनिटे रात्रीतून निघणारच नाहीत. ती संध्याकाळच्या जेवणातून काढावी लागतात. जेवण सव्वानऊऐवजी साडेआठला झाले तर मागचे सर्व काही आपोआप पाऊण तासाने अलीकडे सरकते. त्यासाठी पावणेआठला घरी पोहोचणाऱ्या वडिलांनी आठच्या आत कुकर लावणे, कणीक मळणे आणि आमटी फोडणीला टाकणे आवश्यक आहे. दुसऱ्या टप्प्यातील खरी पूर्वसूचना त्यामुळे रात्री नऊला नाही, तर सात पन्नासला वाजली पाहिजे. आणि ती आईच्या भ्रमणध्वनीवर नाही, तर वडिलांच्या भ्रमणध्वनीवर. मागे मोजत जाताना साखळीतील ज्या कामाला ढिलाई आहे, म्हणजे जे काम अन्य कोणी किंवा अन्य वेळी करू शकते, त्या कामापर्यंत पोहोचायचे आणि सूचना तिथे बांधायची, हे या विषयातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे तत्त्व आहे. झोपेची सोय व्यक्तीच्या हातातील यंत्रात बसवलेली आहे, पण उपनगरातील घरात संध्याकाळ ही सामाईक मालमत्ता असते, आणि घरातील कामाची वाटणी न बदलता बाईच्या भ्रमणध्वनीवर आणखी एक गजर लावणे म्हणजे तिच्या कामांच्या यादीत झोप हे आणखी एक काम वाढवणे होय.

हिशोब जुळला तरी शरीर तो लगेच मान्य करील असे नाही. पेरेत्झ लावी यांनी १९८६ साली एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना दिवसरात्र दर वीस मिनिटांतील सात मिनिटे झोपण्याची मुभा दिली आणि तेरा मिनिटे जागे ठेवले. त्यातून आढळले की संध्याकाळी, नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोनतीन तासांत, झोप लागणे सर्वांत अवघड जाते. त्या पट्ट्याला त्यांनी झोपेचा निषिद्ध प्रदेश म्हटले. दिवसभराचा निद्रादाब साठत असतानाही माणूस रात्रीपर्यंत ताजातवाना राहतो तो शरीराचे घड्याळ या वेळेत जागेपणाचा जोर वाढवते म्हणून. रोज साडेअकराला झोपणारी व्यक्ती एका रात्रीत नऊ पन्नासला अंथरुणावर पडली तर ती थेट या पट्ट्यात जाऊन पडते, कूस बदलत राहते, आणि ‘आपल्याला लवकर झोप येतच नाही’ असा निष्कर्ष काढून प्रयत्न सोडते. दोष तिचा नसून उडीच्या लांबीचा असतो. झोपण्याची वेळ दर तीनचार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणली तर साडेअकरापासून साडेदहापर्यंत यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात सकाळी उठल्यावर गच्चीत, गॅलरीत किंवा निदान खिडकीशी उजेडात थांबल्याने घड्याळ पुढे सरकायला मदत होते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचला उठणाऱ्यांना थंडीत हा उजेड दीडदोन तास उशिरा मिळतो आणि हे सरकणे मंदावते, हेही ध्यानात घ्यावे.

सूर्याच्या वेळेचा प्रश्न मुंबईपुरता थोडा अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मुंबई सुमारे त्र्याहत्तर अंशांवर आहे, म्हणून येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावर या शहरात तिला मोठा विरोध झाला होता आणि ‘मुंबई वेळ’ शहराच्या व्यवहारात १९५५ पर्यंत टिकून होती. आजचे रात्रीचे दहा म्हणजे त्या वेळेनुसार नऊ वाजून एकवीस मिनिटे. जूनअखेर येथे सूर्यास्त सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो, तर कोलकात्यात तेव्हा साडेसहाच्या पुढेच अंधार पडू लागलेला असतो. पण शाळा, कार्यालये आणि गाड्या घड्याळावर चालतात. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील वेळवापराच्या पाहणीच्या आधारे दाखवले की जिथे सूर्यास्त उशिरा होतो तिथे मुले उशिरा झोपतात पण उशिरा उठत नाहीत, आणि सूर्यास्तातील एका तासाच्या फरकामागे त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. अर्थात, महानगराला हे जसेच्या तसे लावता येणार नाही. टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ साली जर्मनीत पाहिले की माणसांची झोपेची वेळ पूर्व-पश्चिम अंतरानुसार सूर्याबरोबर सरकते, मात्र मोठ्या शहरांत हा संबंध क्षीण होतो, कारण तिथे दिवसाचा उजेड कमी आणि रात्रीचा अधिक मिळतो. मुंबई याच दुसऱ्या वर्गात मोडते. तरीही पश्चिमेकडील शहरात रात्री नऊला वाजणारी पूर्वसूचना पूर्वेकडील शहरातल्यापेक्षा अकाली वाटते, याला केवळ सवयच कारण नसावी.

सूचना मिळाल्यानंतर विसावाकाळात करायचे काय, याबद्दल सल्ले भरपूर आहेत आणि पुरावा त्या मानाने थोडा. प्रकाशाबद्दल तो बऱ्यापैकी भक्कम आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याशी थेट संबंध नसलेल्या, पण उजेडाची नोंद मेंदूच्या घड्याळाला पोहोचवणाऱ्या पेशी असतात, हे २००२ साली सिद्ध झाले. त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात आणि रात्री असा प्रकाश मिळाला की मेलाटोनिन हे अंधाराची वर्दी देणारे संप्रेरक दबते. यावरून भ्रमणध्वनीच्या पडद्याला सर्व दोष देण्याची प्रथा पडली आहे. परंतु हॉलच्या छतावरील पांढऱ्या एलईडी पट्टीचा उजेड डोळ्याला त्या छोट्या पडद्यापेक्षा अधिक मिळतो, आणि ती पट्टी बंद करून कोपऱ्यातील एखादा पिवळा दिवा लावणे हा विसावाकाळातील सर्वांत स्वस्त आणि निश्चित परिणामाचा उपाय ठरतो. भ्रमणध्वनीचा अपाय उजेडापेक्षा त्याच्या न संपणाऱ्या मजकुरात अधिक आहे, असे म्हणायला जागा आहे.

आंघोळीबद्दलचे निष्कर्ष मुंबईकरांना विशेष सोयीचे आहेत, कारण लोकलच्या गर्दीतून आल्यावर अनेक घरांत रात्री आंघोळ होतेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित आढाव्यात असे दिसले की झोपण्यापूर्वी एकदोन तास चाळीस ते साडेबेचाळीस अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याने दहा मिनिटे आंघोळ केली तरी झोप लवकर लागते. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान उतरू लागते. हे उतरणेच झोपेचे निमंत्रण असते. येथे पुन्हा मागे मोजण्याचा संबंध येतो, कारण अगदी झोपताना केलेल्या गरम आंघोळीत शरीराला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तिसरा उपाय उद्याच्या कामांची यादी लिहिण्याचा: अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामे लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. प्रयोग सत्तावन्न तरुणांवरचा आहे, त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण डबा, बिल, फी अशी फुटकळ कामे डोक्यात घेऊन पडणाऱ्यांनी तो करून पाहण्यात खर्च काही नाही.

घराबाहेरचे कारण मात्र कोणत्याही सूचनेच्या आवाक्यात नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्र दहा ते सहा धरलेली आहे आणि निवासी भागात तेव्हा पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. महामार्ग, रेल्वेमार्ग किंवा पुनर्विकासाचे काम यांच्या कडेला असलेल्या इमारतींत ती पाळली जाणे कठीण असते. शांततेशिवाय केवळ वेळ वाढवून काय होते याचे उत्तर चेन्नईतील एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे, आणि या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याची दखल घेतली पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांची झोप मनगटी उपकरणाने मोजली गेली. ते रात्री सुमारे आठ तास अंथरुणात असत आणि साडेपाच तासच झोपत. माहिती, प्रोत्साहन आणि उशी, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे यांसारखी साधने दिल्यावर त्यांची झोप रात्री सुमारे अर्ध्या तासाने वाढली, परंतु काम, कमाई किंवा आकलनशक्ती यांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. उलट कामाच्या ठिकाणी दुपारी दिलेल्या अर्ध्या तासाच्या शांत डुलकीने उत्पादकता आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारले. तुटक झोपेचा काळ वाढवल्याने फायदा कमी होतो, असा याचा एक संभाव्य अर्थ आहे. ज्याची निद्राक्षमता आधीच साठसत्तर टक्क्यांवर आहे, त्याला आणखी लवकर अंथरुणावर पाठवणारी पूर्वसूचना स्पीलमन यांच्या उपचाराच्या बरोबर विरुद्ध दिशेने ढकलते.

म्हणूनच सोय वापरण्याआधी दोन आठवड्यांची नोंदवही हवी. तीत दिवे बंद केल्याची, अंदाजे झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची. रात्री घड्याळ पाहायचे नाही, सकाळी आठवेल तसे लिहायचे. त्या नोंदीतून चूक कोणत्या बाजूला आहे ते कळते. पडल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ वारंवार जागेपणी जात असेल तर सूचना फार लवकर वाजते आहे. पडताक्षणी झोप लागते, गजर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या डोळा लागतो, तर ती फार उशिरा वाजते आहे. रविवारचा आकडा सर्वांत बोलका असतो. रोज साडेअकरा ते साडेपाच झोपणाऱ्याच्या झोपेचा मध्यबिंदू अडीचला येतो. रविवारी तोच माणूस एक ते नऊ झोपला तर मध्यबिंदू पाचला. ही अडीच तासांची तफावत म्हणजे दर आठवड्याला घरबसल्या पश्चिमेकडे केलेला आणि सोमवारी उलट दिशेने करावा लागणारा प्रवासच होय; रोनेबर्ग यांच्या गटाने २००६ साली त्याला सामाजिक जेटलॅग हे नाव दिले. तफावत तासाभरात आली की हिशोब रुळला असे समजावे. पुरेशी झोप होऊनही दिवसभर गुंगी राहत असेल, घोरणे आणि श्वास अडकणे असेल, किंवा निद्रानाश तीन महिन्यांहून अधिक काळ चालला असेल, तर प्रश्न वेळेचा नसून वैद्यकीय आहे.

एका लोकप्रिय रीतीचा येथे समाचार घ्यावा लागेल. झोप नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी होते, म्हणून उठण्याच्या वेळेपासून नव्वद-नव्वद मिनिटे मागे मोजून पडावे, म्हणजे आवर्तन संपताना जाग येऊन ताजे वाटेल, असे सांगणारी गणिते प्रचलित आहेत. नव्वद ही सरासरी आहे. आवर्तने सुमारे सत्तर ते एकशेवीस मिनिटांची असू शकतात, एकाच रात्रीत ती बदलतात आणि झोप नेमकी कोणत्या मिनिटाला लागेल हे आधी माहीत नसते. पाच आवर्तनांत ही चूक तासाहून मोठी होऊ शकते. या गणिताने साडेसात तासांऐवजी सहा तास ‘पूर्ण आवर्तने’ म्हणून स्वीकारले जातात, आणि दीड तासाच्या झोपेवर पाणी सोडल्याचे समाधान मात्र शास्त्रीय वाटते.

पाळीत काम करणाऱ्यांना, उदाहरणार्थ अंधेरी आणि मालाडच्या कॉल सेंटरांतून पहाटे घरी सोडल्या जाणाऱ्यांना, मागे मोजण्याची रीत तत्त्वतः तशीच लागू पडते, फक्त विसावाकाळ परतीच्या गाडीत सुरू होतो. उगवत्या सूर्याचा उजेड डोळ्यांत घेत घरी पोहोचल्यास घड्याळाला दिवस सुरू झाल्याची वर्दी मिळते, म्हणून गडद चष्मा आणि घरी जाड पडदे हाच त्यांचा विसावाकाळ. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर शरीराचे घड्याळ तितक्या वेगाने फिरत नाही आणि कोणताही हिशोब अपुरा पडतो.

घाटकोपरच्या त्या घरातील आजी आणि मुलगी यांचा हिशोब अजून राहिला आहे. आजीही आईबरोबरच उठते आणि तिला मधे जाग येण्यात पाऊण तास जातो असे धरले तर सात तासांच्या झोपेसाठी तिला साडेनऊच्या सुमारास पडावे लागेल, म्हणजे हॉलमधील दूरचित्रवाणी तिच्यासाठीही बंद व्हायला हवी. मुलीचा हिशोब मात्र सुटतच नाही. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. साडेआठ तास धरले, झोप लागण्याची वीस आणि मधल्या जागेची दहा मिनिटे मिळवली, तर पाच पन्नासला उठण्यासाठी तिने रात्री आठ पन्नासला अंथरुणावर असायला हवे. त्या वेळी आई घरी येऊन जेमतेम अर्धा तास झालेला असतो, शिकवणीचा अभ्यास बाकी असतो, आणि मेरी कार्स्काडन यांच्या दीर्घ संशोधनातून स्पष्ट झाल्याप्रमाणे या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते, त्यामुळे ही वेळ निषिद्ध प्रदेशाच्या ऐन मध्यावर येते. येथे कितीही नेमकी पूर्वसूचना लावली तरी ती मुलीला अशक्य गोष्ट सांगत राहील. समीकरणात बदलता येण्याजोगा एकच आकडा उरतो, तो उठण्याच्या वेळेचा, आणि तो तिच्या किंवा आईवडिलांच्या हातात नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ सात पन्नासवरून पावणेनऊवर नेली तेव्हा मुले त्या प्रमाणात उशिरा झोपू लागली नाहीत, तर त्यांची झोप सुमारे चौतीस मिनिटांनी वाढल्याचे मनगटी उपकरणांनी मोजलेल्या नोंदींत आढळले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला, तोही मुलांची झोप पुरी होत नाही याच कारणाने. मुंबईत दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांपुढे वर्गखोल्यांचा आणि बसगाड्यांचा पेच त्यामुळे उभा राहिला, कारण लहान मुले नऊला येणार तर मोठ्यांना बसवायचे केव्हा हा प्रश्न इमारतीच्या क्षेत्रफळाचा आहे. सकाळच्या सत्रात मोठी मुले बसवणे ही त्या पेचातून काढलेली सोपी वाट आहे, आणि ज्या वयोगटाचे घड्याळ सर्वांत उशिरा चालते त्याच वयोगटाला ती सर्वांत लवकर उठवते.